त्रासन की त्रास?

मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणावरून मजकूर टंकलिखित करताना होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. काही चुका वाचताक्षणी खटकतात. वाक्य अर्धवट राहते, क्रियापद चुकते, भाषेत नसलेलाच शब्द उमटतो. त्या कोणालाही सापडतात, म्हणून त्यांच्यापासून धोका कमी. दुसऱ्या जातीची चूक खटकतच नाही. वाक्य सरळ असते, अर्थ लागतो, मागच्यापुढच्याशी जुळतोही. फक्त बोलणारा तसे बोललेला नसतो. तपासणाऱ्याचे खरे काम या न खटकणाऱ्या चुकीशी आहे.

मुंबईच्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराची मुलाखत नमुन्यादाखल घ्यावी. टंकलिखित प्रतीत वाक्य येते, ‘मी चौदा वर्षं त्रासात काढली.’ गिरणीतले कष्ट सर्वांना माहीत असल्याने वाचणारा मान हलवून पुढे जातो. ध्वनिमुद्रणात मात्र ‘त्रासनात काढली’ असे आहे. गिरणीत सूत कातण्याच्या विभागाला त्रासन खाते म्हणत, विणकामाच्या विभागाला साचा खाते. कामगार आपले खाते सांगत होता. कागदावर त्याचे गाऱ्हाणे झाले. टंकलेखकाच्या कानाला ‘त्रासन’ हा शब्द ओळखीचा नव्हता, म्हणून त्याने जवळचा ओळखीचा शब्द धरला. ‘मी सहा वर्षं बदलीत होतो’ याचे ‘सहा वर्षांनी माझी बदली झाली’ होते, तेही असेच. गिरणीतला बदली कामगार म्हणजे रोज दारावर उभा राहून, गैरहजर माणसाच्या जागी काम मिळते का ते पाहणारा. सरकारी नोकरीतल्या बदलीशी त्याचा संबंध नाही.

जुन्या हस्तलिखितांच्या संपादकांना ही प्रवृत्ती चांगली माहीत होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 साली सुरू झालेले आणि 1966 मध्ये पूर्ण झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्या कसोट्यांवर चालले, त्यांतली एक अशी की दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा मूळचा असतो. नक्कल करणारा अवघडाचे सोपे करतो. सोप्याचे अवघड सहसा करत नाही. मुलाखतीच्या तपासणीत हा नियम उलट्या बाजूने वापरता येतो. विशिष्ट गोष्ट सांगणे अपेक्षित असलेल्या जागी सर्वसाधारण शब्द आला, की तिथे खूण करावी. खाते कोणते, या प्रश्नाला ‘त्रास’ हे उत्तर फार ढोबळ आहे. हस्तलिखितांच्या संपादकाकडे मूळ प्रत नसते. इथे मूळ आवाज हाताशी असतो, म्हणून नियमाने फक्त जागा दाखवायची आणि निवाडा ध्वनिमुद्रणाकडून घ्यायचा.

सर्वांत लहान शब्द सर्वांत मोठी उलथापालथ करतो. मराठी बोलण्यात ‘नाही’चे ‘नाय’ होते आणि घाईत त्याचा शेवट गळतो. उलट, होकार ठासून सांगण्यासाठी वाक्याच्या शेवटी ‘ना’ येतो. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाबद्दल कामगार म्हणतो, ‘वर्षभरानं आम्ही आत गेलो ना.’ प्रतीत येते, ‘वर्षभरानं आम्ही आत गेलो नाही.’ एका अक्षराने कामावर परतलेला माणूस शेवटपर्यंत संपात राहिलेला ठरतो. शब्द ऐकून शंका फिटली नाही तर सूर ऐकावा. ‘ना’ असताना जोर बहुधा क्रियापदावर पडतो आणि ‘ना’ हलका सुटतो. नकार असेल तर जोर ‘नाय’वर येतो. तरीही सुटले नाही, तर पुढचे वाक्य पाहावे. ‘मग जॉबरनं तिसरी पाळी दिली’ असे तो लगेच म्हणत असेल, तर तो आत गेला होता.

यावर काही संपादकांचे म्हणणे असते की इतके बारीक ऐकण्याची गरज नाही. मजकूर मुलाखत देणाऱ्याला वाचायला द्यावा, चूक असेल तर तोच सांगेल. हा युक्तिवाद टिकत नाही. वर्षभरापूर्वी आपण नेमके कोणते शब्द वापरले, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. माणूस आपली मुलाखत वाचताना ती आठवणीशी ताडून पाहत नाही, ती सुधारतो. बोलीतले शब्द काढतो, तिखट वाक्य मवाळ करतो, आणि ‘त्रासात काढली’ हे तर त्यालाही खरेच वाटते. विशेषनामांपुरती त्याची मदत मोलाची आहे, त्यापलीकडे नाही.

बोलणाऱ्याच्या नावाची चूक वेगळ्या रीतीने पसरते. शब्द चुकला तर एक वाक्य बिघडते. नाव चुकले तर एखादा ‘हं’ निसटल्यापासून पुढचा सगळा पट्टा उलटतो, आणि दुसरी चूक त्याला सुलट करीपर्यंत तसाच राहतो. म्हणून अशी एक जागा सापडली की तेवढीच दुरुस्त करून थांबू नये. पट्ट्याची दोन्ही टोके शोधावीत. उत्तर देणारा सलग प्रश्न विचारू लागला, तर पट्टा उलटला असे समजावे. तिसरा माणूस शेजारी बसलेला असेल तर काम अधिक अवघड होते. कामगाराच्या नावापुढे वाक्य आहे, ‘खानावळ मी चालवत होते, वीस-बावीस माणसं जेवायची.’ ‘होते’ या रूपाने बाईचा आवाज उघड झाला. बोलली ती त्याची पत्नी. टंकलेखकाने ‘होते’चे ‘होतो’ करून टाकले असते, तर तिची खानावळ नवऱ्याच्या नावावर कायमची गेली असती. मराठी क्रियापद असे साक्षीला येते, पण दरवेळी नाही. कोल्हापूरकडच्या कित्येक बायका ‘मी गेलो’ असेच म्हणतात, आणि गिरणगावात त्या बाजूची माणसे पुष्कळ होती. तिथे पुन्हा आवाजाकडेच जावे लागते.

बोलणाऱ्याची स्वतःची चूक मात्र तशीच ठेवायची असते. इटलीतल्या तेर्नी गावचा तरुण पोलाद कामगार लुइजी त्रास्तुल्ली 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. गावातल्या अनेकांनी तो 1953 च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेल्याचे सांगितले. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ती साले दुरुस्त केली नाहीत. लोकांनी तो मृत्यू तिकडे का नेला, हाच त्याच्या अभ्यासाचा विषय झाला. कामगाराने संपाचे साल चुकीचे सांगितले असेल, तर मजकुरात तेच राहील आणि बरोबर साल तळटीपेत जाईल.

आवाज हाच शेवटचा निवाडा, असे इथवर गृहीत धरले. पण कागद समोर ठेवून ऐकणाऱ्याला कागदावरचेच ऐकू येते. ‘त्रासात’ वाचत वाचत ऐकले, तर ध्वनिमुद्रणातला ‘न’ नाहीसा होतो. टंकलेखकाला एकदा फसवणारा कान तपासणाऱ्याला दुसऱ्यांदा फसवतो. म्हणून ऐकण्याआधी नुसते वाचावे, हा क्रम अधिक खात्रीचा ठरतो. पहिल्या वाचनात आवाज बंद ठेवून ढोबळ शब्द, नकार, आकडे आणि उलटे वाटणारे पट्टे यांवर खुणा कराव्यात. मग प्रत झाकून, खुणेच्या दहा सेकंद आधीपासून ऐकावे आणि ऐकू आले ते वेगळ्या कागदावर लिहावे. दोन्ही नंतर ताडावेत. ज्या जागा कोणत्याच वाचनात संशयास्पद वाटल्या नाहीत, त्यांच्यासाठी एकदा सगळे सलग ऐकणे उरतेच, आणि ते मजकूर न वाचलेल्या दुसऱ्या माणसाने, शक्यतो त्याच खात्यात काम केलेल्याने करावे. त्यालाही जे उमगले नाही, तिथे अंदाजाचा शब्द न घालता चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहून ध्वनिमुद्रणातली वेळ नोंदवावी.