हे पाचही फोटो आधी काढून टाक

विवाह मंडळाच्या साइटवर तू लावलेले पाचही फोटो तुझ्या आईनं मला कौतुकानं पाठवले. कौतुक करावं असं त्यात काही नाही. शाळेत उत्तर येत नसलं की तू सरळ उभं राहून ‘येत नाही’ म्हणायचास. तो मुलगा या पाच फोटोंत मला कुठे दिसला नाही.

पहिला फोटो घे. हनुवटीवरची खूण कुठे गेली? चौथीत घसरगुंडीवरून पडलास, टाके पडले, तेव्हाची ती खूण. फिल्टरनं ती पुसली, गाल गुळगुळीत केले आणि नाक बारीक केलं. नाक मुळात जाड दिसलं कशानं, याचा विचार केलास? सेल्फीत फोन तोंडाजवळ असतो. नाक कॅमेऱ्याला जवळ आणि कान लांब, म्हणून नाक फुगतं. मोजून पाहिलेलं आहे: फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. दोष अंतराचा होता, तुझ्या नाकाचा नव्हता. दोन पावलं मागे सरकण्याऐवजी तू चेहराच बदललास. उद्या मुलगी समोर बसेल, ती खूण पाहील, आणि हा आणखी काय काय झाकतो, हा प्रश्न तिच्या मनात येईल. खुणेनं तुझं काही बिघडलं नसतं.

दुसऱ्या फोटोत शेरवानीतला तू आणि तुझ्या खांद्यावर बांगड्या घातलेला हात. आतेबहिणीला कापलंस, हात राहिला. तुला ठाऊक आहे तो कोणाचा आहे. स्थळ बघणाऱ्याला ठाऊक नाही, आणि त्यानं चांगलाच अर्थ काढावा असं त्याच्यावर बंधन नाही. तिसऱ्यात लाल गाडीला टेकून उभा आहेस. गाडी मित्राची. बायोडाटात ती तुझी आहे असं तू लिहिलं नाहीस, पण फोटोनं सांगितलंच, आणि तिकडून पहिली चौकशी तिचीच होईल. मग काय उत्तर देणार आहेस?

चौथा हरिश्चंद्रगडावरचा. हा मला खरा वाटला, तू खरोखर गड चढतोस. पण टोपी, गॉगल आणि पन्नास फुटांवरून काढलेला. चेहरा दिसत नाही. आवड सांगायला तो शेवटी ठेवता येईल, टोपी-गॉगल काढून पुन्हा काढलास तर. पाचवा कॉलेजातला, कपाळावर दाट केस. आज ते केस नाहीत. त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. जुना फोटो लावलास त्याबद्दल बोलणार.

तू म्हणशील, बाई, पाचही मीच आहे की. तुझ्यासाठी आहेस. २०११ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दोन डच स्त्रियांचे प्रत्येकी वीस फोटो लोकांना दिले आणि एकेका व्यक्तीचा ढीग लावायला सांगितलं. त्या बायकांना न ओळखणाऱ्यांनी सर्वसाधारणपणे सात-आठ ढीग लावले. ज्यांना चेहरे परिचित होते त्यांनी बहुतेक दोनच. तुझी आई दुसऱ्या गटात येते, मुलीची आई पहिल्या. तिच्यापुढे तू पाच निरनिराळी मुलं ठेवली आहेस आणि त्यांतलं नेमकं कोण घरी येणार, ते तिनं ओळखायचं.

आता ऐक आणि तसंच कर. सकाळी नेहमीचा इस्त्रीचा शर्ट घाल. चष्मा रोज लावतोस तर फोटोतही लाव, फक्त काचेवर चकाकी येते का ते बघ. ऊन थेट आत येत नाही अशा मोठ्या खिडकीकडे तोंड करून उभा राहा. डोक्यावरची ट्यूब बंद कर, तिनं डोळ्यांखाली काळं येतं. फोन स्वतः धरू नकोस. भावाला पाच-सहा फुटांवर, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर, मागच्या कॅमेऱ्यानं काढू दे. चेहरा लहान वाटला तर फोटो नंतर कापता येतो, त्यासाठी जवळ येऊ देऊ नकोस. त्याच्याशी बोलत राहा, म्हणजे ताठ मान सैल होईल. वीसेक फोटो काढा. मग एक पूर्ण उंचीचाही हवा, साधा, भिंतीपाशी.

आणि निवड तू करायची नाहीस. २०१७ च्या एका अभ्यासात लोकांना स्वतःच्या फोटोंतून आणि परक्यांच्याही फोटोंतून निवड करायला लावली होती. परक्यांनी निवडलेल्या फोटोंची अनोळखी माणसांवर जास्त चांगली छाप पडली. स्वतःचा चेहरा आरशात रोज पाहून आपण त्याच्याबद्दल काहीतरी ठरवून बसलेलो असतो. म्हणून त्या वीसांतले बरे सात-आठ ऑफिसातल्या अशा दोघातिघांना दाखव, ज्यांच्याशी तुझी ओळख नमस्कारापुरतीच आहे. ते ज्यावर बोट ठेवतील तो पहिला लाव, तुला आवडला नाही तरी. रविवारपर्यंत झालं पाहिजे.