पेपरची आदली रात्र

परीक्षेच्या आठवड्यातील भीती शरीरातच सुरू होते. छाती धडधडते, तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो. धोका जाणवला की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते, त्याचे हे परिणाम आहेत. एवढी सावधता उपयोगीच असते, कारण तिच्यामुळे मन जागे राहते. ती हाताबाहेर गेली की मात्र नुकसान करते. एखादे प्रमेय सिद्ध करताना दिलेली माहिती, मागची पायरी आणि पुढची पायरी अशा तीन-चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात. ही तात्पुरती जागा मुळातच तोकडी असते. ‘नाही जमले तर?’ हा विचार तिथे ठाण मांडून बसला की पाठ असलेले प्रमेयही आठवत नाही. मुलाला वाटते की अभ्यासच झाला नाही. खरे तर अभ्यास झालेला असतो, फक्त तो मांडायला जागा उरलेली नसते.

ही भीती बहुतेक वेळा दोन गोष्टींवर पोसली जाते. आपल्याला नेमके काय येते याचा अंदाज नसणे ही एक आणि मोडलेली झोप ही दुसरी. वेळापत्रक नीट आखले तर दोन्ही आटोक्यात येतात. त्यासाठी ते खरे असावे लागते, आणि इथेच बहुतेक वेळापत्रके फसतात. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर अठरा तासांचा अभ्यास लिहिलेला असतो. पहिल्याच दुपारी तो मागे पडतो आणि मग उरलेला दिवस अपराधी वाटण्यात जातो.

दहावीच्या गणिताचे उदाहरण घेऊ. भाग एक, म्हणजे बीजगणित, सकाळी ११ला सुरू होऊन दुपारी एकच्या सुमारास सुटला. भाग दोन, म्हणजे भूमिती, परवा सकाळी ११ला आहे. मधला एक दिवस मोकळा आहे. विद्यार्थी दोन वाजता घरी पोहोचला असे धरले तर हातात ४५ तास उरतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यातून आधी दोन रात्रींची झोप वजा करायला हवी. किशोरवयीन मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, म्हणून रात्री ९.३० ते सकाळी ६ ही वेळ वेळापत्रकात सर्वांत आधी लिहायची. त्यानंतर जेवण, आंघोळ, विश्रांती आणि केंद्रावर जाण्याचा वेळ काढायचा. एक तास मुद्दाम कोरा ठेवायचा, कारण काहीतरी लांबतेच. मग अभ्यासाला प्रत्यक्ष मिळतात सुमारे ११ तास : आज संध्याकाळी तीन, उद्या सात आणि परवा सकाळी एक. आकडा लहान आहे, पण खरा आहे. खऱ्या आकड्याची भीती कमी वाटते, कारण त्यात काय बसते आणि काय नाही हे ठरवता येते.

घरी आल्यावर झालेल्या पेपराची उत्तरे ताडून पाहू नयेत. त्यातून एकही गुण वाढत नाही, उलट पुढचे दोन तास मात्र जातात. जेवून अर्धा तास पडावे. गजर लावून पडणे बरे, नाहीतर रात्रीची झोप उडते. संध्याकाळी पुस्तक बंद ठेवून समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन ही सात प्रकरणे एकेक घ्यावीत. प्रत्येकातील प्रमेये, सूत्रे आणि उदाहरणांचे प्रकार कोऱ्या कागदावर आठवून लिहावेत. मग पुस्तक उघडून तीन याद्या कराव्यात : येते, अडते, येत नाही. उद्याच्या सात तासांतील बहुतेक वेळ ‘अडते’ या यादीला द्यायचा, कारण थोड्या कष्टात जास्त गुण तिथेच मिळतात. ‘येत नाही’ या यादीतला एखादा सोपा भाग उचलावा आणि बाकीचे शांतपणे सोडून द्यावे. हा निर्णय जड जातो, पण आदल्या दिवशी सगळेच पुरे करायचा हट्ट धरला की जे येते तेही डळमळते.

आठवून लिहिण्यावर एवढा भर देण्याला कारण आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. स्वतःविषयी जास्त खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच वाटत होती. वाचताना ओळखीचे वाटणे म्हणजे येणे नव्हे, आणि हा फसवा दिलासा पेपर हातात आल्यावर फुटतो. म्हणून उद्या सकाळी ११ ते १ या खऱ्या वेळेतच जुना पेपर घड्याळ लावून सोडवावा. रचना नुसत्या पाहू नयेत, कंपास आणि पट्टी घेऊन काढाव्यात. संध्याकाळी सहानंतर नवे काही उघडू नये.

झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. पहाटेच्या तासांत स्वप्नांची झोप जास्त असते. तीन वाजता उठून बसणाऱ्याला नेमकी तीच कमी मिळते. चहातील कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेला चहा दोन वाजताही निम्मा शिल्लक असतो, म्हणून दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. पडून बराच वेळ डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसावे, घड्याळ पाहू नये. एखादी रात्र कमी झोप झाली तरी पेपर लिहिता येतो, हेही मुलाला माहीत असलेले बरे. यात घराचीही जबाबदारी आहे. टीव्हीचा आवाज कमी ठेवणे आणि ‘झाला का सगळा?’ हा प्रश्न गिळणे मोठ्यांच्या हातात आहे. झोपलेल्या मुलाला अभ्यासासाठी उठवणे हा प्रेमाच्या नावाखाली झालेला अन्याय आहे.

मन शांत करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सावकाश श्वास. मनात चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा, असे तीन ते पाच मिनिटे करायचे. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, म्हणून सोडण्याचा वेळ जास्त ठेवायचा. जोरजोरात खोल श्वास घेतले तर उलटे होते. चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसे झाले की श्वास उथळ आणि संथ करावा. हा सराव आठवडाभर रोज झोपण्यापूर्वी केला तरच वर्गात कामी येतो. काहींना पेपरपूर्वी दहा मिनिटे मनातली धास्ती कागदावर उतरवून काढल्यानेही हलके वाटते. सगळ्यांना ते मानवत नाही, म्हणून ते सराव पेपराच्या वेळीच करून पाहावे.

पेपर हातात आल्यावर डोके रिकामे झाले तर पेन खाली ठेवून असे पाच-सहा श्वास घ्यावेत आणि येणारा प्रश्न शोधावा. भूमितीत आकृती काढून पक्ष आणि साध्य लिहायला घेतले की हात चालू लागतो, आणि पुष्कळदा सिद्धतेची पहिली ओळ तिथूनच सुचते.

या उपायांना मर्यादा आहेत. सलग बऱ्याच रात्री झोप न येणे, जेवण तुटणे, वारंवार धाप लागून थरथरणे, ‘मी नसलेलाच बरा’ असे बोलणे ही वेळापत्रकाने सुटणारी दुखणी नव्हेत. तिथे डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला लगेच भेटायला हवे. जगणे नको असल्याची भाषा निघाली तर मुलाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो.