खुणांचा तक्ता आणि कर्तव्याचे मोल

मुलाने घरचे काम केले की त्याला बक्षीस द्यावे काय? बक्षिसासाठी केलेल्या कामाला कर्तव्य म्हणता येईल काय? घरकामाचा तक्ता भिंतीवर लावण्यापूर्वी आईबापांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा, असे आम्हांला वाटते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेली मुले निवडली. काहींना बक्षीस आधी कबूल केले, काहींना अचानक दिले, काहींना दिलेच नाही. एकदोन आठवड्यांनी पाहिले, तर कबूल केलेले बक्षीस घेतलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढीत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली होती. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो की, मूल जे हौसेने करते त्याला मोल लावू नये. अजून अंगवळणी न पडलेल्या, कंटाळवाण्या कामापुरताच तक्ता ठेवावा.

अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या सोयगावातील एखादे घर कल्पनेत आणू. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर दोघांचे वेगळे तक्ते आखावेत, म्हणजे भावंडांत चढाओढ लागत नाही. प्रत्येकाला आरंभी एकच काम द्यावे: थोरलीने माठ भरावा, धाकट्याने आपले अंथरूण घडी करावे. आठवण आईच्या हाकेने नव्हे, रोजच्या क्रमाने व्हावी. दात घासले की अंथरूण, शाळेतून आले की माठ. आणि तक्ता त्या जागेजवळच टांगावा. काम होताच मुलाने स्वतः खूण करावी. रात्री वडीलधाऱ्यांनी खूण नव्हे, काम पाहावे. सातांपैकी पाच खुणा झाल्या की रविवारी संध्याकाळी सर्वांनी कोणता खेळ खेळायचा, हे त्या मुलाने ठरवावे. चुकलेला दिवस कोरा राहू द्यावा. मिळालेली खूण पुसू नये, नाहीतर तक्ता शिक्षेची वही होतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप पहाटेच शेतावर जातात, रात्री पाहणे राहून जाते. मग न केलेल्या कामाच्याही खुणा दिसू लागतात. अशा वेळी रागावण्यापेक्षा चार दिवस तक्ता उतरवून ठेवणे बरे.

महिनाभराने काम सुरळीत झाले की प्रथम बक्षीस थांबवावे, पुढे खुणा, शेवटी कागद. त्यानंतरही माठ भरलेला दिसला, तर काम अंगवळणी पडले. पण पाहुण्याला पाणी देताना मूल ‘मला काय मिळेल?’ असे विचारू लागले, तर बक्षीस फार लांबले असे समजावे. घरातील माणसे एकमेकांची मजूर नव्हेत. म्हणून आमच्या मते बक्षीस ही वेलीला दिलेली काठी आहे; वेल मांडवावर चढली की ती काढून घ्यावी.