पहिला घास कुणी घ्यायचा?

फोनवर ‘नवं व्हर्जन आलंय’ अशी सूचना आली की माणसांचे दोन गट पडतात. एक गट लगेच बटण दाबून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, थांबा जरा, बाकीच्यांचं काय होतंय ते आधी बघू. या दुसऱ्या गटाला आपण शहाणा समजतो. मी प्रोग्रामर आहे आणि हे शहाणपण मला अलीकडे टोचायला लागलंय. त्यातले ‘बाकीचे’ म्हणजे नेमके कोण, हे कुणी विचारतच नाही.

आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. हल्ली आख्खा प्रोग्राम कुणीच स्वतः लिहीत नाही. अनोळखी लोकांनी लिहून फुकट ठेवलेल्या लायब्रऱ्या आपण उचलतो. त्या लायब्रऱ्यांनी आणखी कुणाच्या तरी उचललेल्या असतात, त्यांनी आणखी कुणाच्या. तुम्ही दहा-वीस मागता आणि खाली उतरतात शेकडो. जावास्क्रिप्टमध्ये ही मागणी `package.json` नावाच्या फाइलमध्ये लिहितात, अशी:

```json
"event-stream": "^3.3.4"
```

आकड्यांआधीच्या त्या टोपीत सगळी गंमत आहे. तिचा अर्थ ‘3.3.4 किंवा त्यापेक्षा नवं काहीही चालेल, फक्त 4 च्या आतलं हवं’. संकेत असा आहे की लेखकानं नुसती दुरुस्ती केली तर शेवटचा आकडा बदलतो, नवीन सोय वाढवली तर मधला, आणि जुन्या वापरणाऱ्यांचं काही मोडणार असेल तर पहिला. पण हा शेवटी माणसानं माणसाला दिलेला शब्द आहे. तो पाळला की नाही हे कुठलंही यंत्र तपासत नाही. शिवाय हीच फाइल घेऊन सोमवारी प्रोग्राम बांधला आणि शुक्रवारी पुन्हा बांधला, तर आत दोन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात.

म्हणून लॉकफाइल आली. जावास्क्रिप्टवाल्यांना 2016 मध्ये यार्ननं ती दिली आणि 2017 मध्ये एनपीएमनं. `package.json` मध्ये इच्छा असते, लॉकफाइलमध्ये प्रत्यक्ष काय आलं त्याची नोंद असते. लायब्ररीच्या लायब्ररीच्या लायब्ररीपर्यंत प्रत्येकीचं नेमकं व्हर्जन, ती कुठून उतरवली तो पत्ता, आणि आतल्या मजकुराचा ठसा. मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं तरी हा ठसा जुळत नाही आणि इन्स्टॉल तिथेच थांबतं. सर्व्हरवर बांधताना `npm ci` ही कमांड वापरली तर ती लॉकफाइलच्या बाहेर पाऊल टाकत नाही, आणि दोन्ही फाइलींचं जुळत नसेल तर सरळ नकार देते.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. लॉकफाइल ‘माल चांगला आहे’ असं म्हणत नाही. ती म्हणते, ‘काल होता तोच माल आहे’. या दोन वाक्यांतलं अंतर 2018 मध्ये फार महागात पडलं.

`event-stream` ही लायब्ररी डॉमिनिक टार यांनी लिहिलेली. ते स्वतः ती वापरेनासे झाले होते, पण जग वापरत होतं. `right9ctrl` नावानं वावरणाऱ्या कुणीतरी ‘मी सांभाळतो’ म्हटलं, आणि टार यांनी किल्ल्या दिल्या. फुकटच्या कामातून सुटायला मिळतंय तर कोण नाही म्हणेल? 9 सप्टेंबरला या नव्या माणसानं 3.3.6 काढलं. त्यात `flatmap-stream` नावाची एक चिमुकली लायब्ररी जोडलेली होती, टोपी घालून, `^0.1.0` अशी. त्या वेळी ती निरुपद्रवी होती. आठवड्याभरात 4.0.0 आलं आणि त्यातून ही लायब्ररी काढूनही टाकलेली होती. वरून पाहणाऱ्याला सगळं स्वच्छ. मग 5 ऑक्टोबरला `flatmap-stream` चं 0.1.1 आलं, आणि विष त्यात होतं.

आता तीन प्रोजेक्ट डोळ्यांसमोर आणा. तिघांच्याही `package.json` मध्ये वरचीच ओळ आहे. पहिल्याची लॉकफाइल ऑगस्टमधली. तिच्यात `flatmap-stream` चं नावच नाही, त्यामुळे तो सुखरूप. दुसऱ्यानं लॉकफाइल 20 सप्टेंबरला बनवली. तिच्यात 0.1.0 आहे, आणि जोवर कुणी ती ताजी करत नाही तोवर तोही सुखरूप. तिसऱ्यानं 10 ऑक्टोबरला नवीन काम सुरू केलं. टोपीमुळे त्याला 4.0.0 मिळत नाही, मिळतं 3.3.6, आणि त्याच्यासोबत 0.1.1. आता त्याची लॉकफाइल विषाचा ठसा घेऊन बसली आहे, आणि तेच विष प्रत्येक सहकाऱ्याकडे, प्रत्येक सर्व्हरवर, अगदी प्रामाणिकपणे पोचवते आहे. त्याच्या शेजारी नेमका तोच दिवस आला एवढाच फरक.

विषही हुशार होतं. ते कुलूपबंद होतं, आणि त्याची किल्ली म्हणजे ज्या प्रोग्राममध्ये ते शिरलंय त्याचं एका ओळीतलं वर्णन. ते वर्णन कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटचं असेल तरच कुलूप उघडायचं आणि लोकांच्या वॉलेटच्या गुप्त किल्ल्या चोरल्या जायच्या. बाकी सगळीकडे ते गप्प. म्हणजे तिसऱ्या प्रोजेक्टनं हजार चाचण्या चालवल्या असत्या तरी हजारही हिरव्या आल्या असत्या.

मग लॉकफाइल एकदा बनवली की तिला हातच लावू नये का? असं म्हणणाऱ्यांना मी एक्विफॅक्सची आठवण करून देतो. अपाची स्ट्रट्स या लायब्ररीतलं भोक बुजवणारं व्हर्जन 7 मार्च 2017 ला आलं होतं. या अमेरिकी कंपनीनं ते एका जुन्या पोर्टलवर बसवलंच नाही. मे महिन्यात चोर त्याच भोकातून आत शिरले आणि सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली. त्यातल्या बहुतेकांनी ही कंपनी कधी निवडलीही नव्हती. अपडेट न करणं हा आपल्या घरातला आळस वाटतो, पण त्याची किंमत दुसराच कुणीतरी देतो.

या दोन भीतींच्या मधे बॉट उभा राहतो. डिपेंडाबॉट आणि रेनोव्हेट ही त्यातली चलनी नावं. त्याचं काम कारकुनासारखं आहे. ठरल्या वेळी तो तुमच्या दोन्ही फाइली वाचतो, कुठल्या लायब्ररीचं नवं व्हर्जन आलंय ते बघतो, लॉकफाइलमध्ये तेवढाच बदल करून एक वेगळी फांदी काढतो आणि पुल रिक्वेस्ट पाठवतो. सोबत काय बदललं त्याची टिपणं जोडतो. मग तुमच्या चाचण्या चालतात आणि माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. मोठा फायदा असा की एका वेळी एकच गोष्ट बदलते. काही मोडलं तर कशामुळे मोडलं हे समोरच दिसतं. दोन वर्षांनी शंभर लायब्रऱ्या एकदम वर उचलणाऱ्याला ही चैन मिळत नाही.

पण अशा रिक्वेस्ट आठवड्याला तीस आल्या की माणूस वाचणं सोडतो. मग ‘चाचण्या हिरव्या असतील तर आपोआप घे’ अशी सोय चालू होते, आणि त्या दिवसापासून लॉकफाइल शिक्का मारण्यापुरती उरते. हिरवी खूण सांगते की काही मोडलं नाही. कोपेसारख्या प्रकरणात काहीच मोडत नाही.

यावर हल्ली जो उपाय चाललाय, त्यावरून आमच्या टीममध्ये बरीच वादावादी झाली. डिपेंडाबॉटला असं सांगता येतं:

```yaml
schedule:
  interval: "weekly"
cooldown:
  default-days: 7
```

म्हणजे कुठलंही नवं व्हर्जन सात दिवस जुनं होईपर्यंत पुढे आणू नकोस. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र हा नियम लागत नाही, त्या लगेच येतात. एक्विफॅक्सची भीती एका दारातून आणि `event-stream` ची दुसऱ्या दारातून हाताळायची, अशी ही रचना. मला ती आवडली. आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी मात्र म्हणाली, “म्हणजे सात दिवस दुसऱ्यांनी खाऊन बघायचं, आणि कुणी मेलं नाही तर आपण जेवायला बसायचं. आणि सगळ्यांनीच सात दिवस ठेवले तर?”

राजाच्या ताटातला पहिला घास चाखणाऱ्या माणसाला निदान पगार तरी असायचा. इथे चाखणारा कोण? ज्याला ही सेटिंग माहीतच नाही तो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आज रात्री `npm install` मारणारा विद्यार्थी. आपलं शहाणपण त्याच्या अजाणतेपणावर उभं असेल, तर ते मला तरी शहाणपण वाटत नाही.

तिच्या प्रश्नाला उत्तर शोधताना मी एकच गोष्ट पाहत गेलो: विष पकडलं कुणी? 8 सप्टेंबर 2025 ला `chalk` आणि `debug` सकट 18 लायब्रऱ्यांमध्ये विष घुसवलं गेलं. एनपीएमच्या नावानं आलेल्या खोट्या मेलमध्ये त्या सांभाळणारा फसला होता. सगळ्या मिळून आठवड्याला 200 कोटींहून जास्त वेळा उतरवल्या जाणाऱ्या या लायब्रऱ्या, आणि साधारण दोन तासांत प्रकरण उघडकीला आलं. पकडणाऱ्यांत नवी व्हर्जन्स येताक्षणी चाळणाऱ्या सुरक्षा कंपन्या होत्या, आणि एक टीम अशी होती जिचं बिल्ड ‘`fetch` सापडत नाही’ म्हणून अडलं. त्यांनी पुन्हा बटण दाबून बघण्याऐवजी कुठल्या लायब्ररीला अचानक `fetch` लागलं ते शोधलं.

2018 मध्येही असंच झालं होतं. `crypto.createDecipher` ही जुनी पद्धत आता वापरू नका, असा एक कंटाळवाणा इशारा काही लोकांच्या स्क्रीनवर येऊ लागला. असे इशारे आपण दिवसाला दहा गिळतो. काहींनी विचारलं, हे येतंय कुठून? माग काढत एक विद्यार्थी `flatmap-stream` पर्यंत पोचला आणि 20 नोव्हेंबरला त्यानं ते जाहीर केलं. विष येऊन 46 दिवस झाले होते. म्हणजे आमचे सात दिवस तिथे कुचकामी ठरले असते.

दोन्ही वेळा शोध लागण्यासाठी कुणी मरावं लागलं नाही, कुणीतरी वाचावं लागलं. त्या मुलीचा आक्षेप त्यामुळे खोटा ठरत नाही, पण बोट दुसरीकडे वळतं. थांबण्यात लबाडी नाही. थांबलेल्या सात दिवसांत कुणीतरी दुसरं वाचतंय असं धरून आपण काहीच न वाचणं, यात आहे. सगळ्यांनी सात दिवस ठेवले तरी व्हर्जन जाहीर होतं त्या क्षणापासून ते वाचायला खुलं असतं. वाचायला बळी लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळेचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं हा प्रश्न टार यांच्यापासून आमच्यापर्यंत तसाच आलाय.

आम्ही सात दिवस ठेवले. आपोआप घेण्याची सोय बंद केली. दर बुधवारी एकाची पाळी असते. बॉटनं आणलेल्या रिक्वेस्टमध्ये लॉकफाइलला एखादं आधी कधी न दिसलेलं नाव जोडलं गेलंय का, एवढंच त्यानं पाहायचं. आणि दिसलंच, तर गिटहबवरच्या कोडवर न थांबता प्रत्यक्ष उतरणारं पॅकेज उघडायचं, कारण `flatmap-stream` चं विष गिटहबवर नव्हतंच, फक्त एनपीएमवरच्या आक्रसलेल्या फाइलमध्ये होतं. बिल्डच्या शेवटी येणारे इशारेही आता कुणी लपवत नाही. गेल्या बुधवारी त्या मुलीची पाळी होती. एका साध्या दुरुस्तीच्या व्हर्जनसोबत एक अनोळखी नाव आलं होतं. तिनं ते पॅकेज उघडलं, चाळीस ओळी वाचल्या, काही निघालं नाही. ‘वाचलं’ असं खाली लिहून तिनं रिक्वेस्ट पुढे सोडली.