सपनातला इस्तू

आमच्या मावळात सपनातल्या विस्तवाचा अर्थ सांगणारी माणसं पुष्कळ. घर पेटलेलं दिसलं असं सांगितलं, की एकजण म्हणणार, लक्ष्मी येणार. दुसरा म्हणणार, घरात वाद होणार, जपून राहा. तिसरा जीभ बघणार आणि म्हणणार, पित्त वाढलंय, तिखट कमी कर. गंमत अशी, की यातल्या दोघांपाशी जुना आधार आहे. आपलं अंथरूण किंवा घर पेटलेलं दिसावं आणि त्यातच जाग यावी, तर संपत्ती चालत येते, असं स्वप्नाध्यायाच्या पोथ्या सांगतात. आणि पित्तप्रकृतीच्या माणसाला झोपेत विस्तव, वीज, फुललेला पळस असं लालभडक दिसतं, हे सुश्रुत आणि वाग्भट दोघांनी लिहून ठेवलंय. वाद होणार म्हणणाऱ्याला मात्र आधारबिधार काही नसतो, पण त्याचंच खरं होतं, कारण वाद कुठल्या घरात होत नाहीत?

या सगळ्यांची एक खोड सारखी. काय दिसलं ते विचारतात आणि लगेच अर्थ हातावर ठेवतात. दिसताना कसं वाटलं, ते कुणी विचारत नाही. विस्तवाच्या बाबतीत तर हे फारच अपुरं आहे. आमच्याकडचा माणूस वर्षभरात चार तऱ्हेचा विस्तव बघतो. चुलीतला बघतो, डोंगरावरचा वणवा बघतो, चैत्र-वैशाखात खाचरातला राब बघतो आणि नदीच्या कडेला सरणाचाही बघतो. नुसतं "आग दिसली" एवढ्यावरून त्यातला कुठला ते कसं कळणार?

माझ्या थोरल्या काकूला विस्तवाची सपनं तीनदा पडली. म्हणजे तीन तऱ्हेची. त्यातल्या मधल्या सपनानं ती पार खचली होती, म्हणून हे लिहायचं.

पहिली तऱ्हा सोपी आहे, म्हणजे समजायला सोपी. एका चैत्रात दुपारच्या वाऱ्यात आमची पेंढ्याची गंज पेटली आणि शेजारचा गोठा गेला. काकूनं दोन बैल सोडले. वासराच्या दाव्याची गाठ मात्र सुटेना, कोयता घरात राहिलेला, आणि वरून छप्पर खाली आलं. काकूला लोकांनी ओढून काढलं. त्यानंतर किती रात्री ती ओरडत उठायची. सपन दरवेळी तेच. तोच गोठा, तीच गाठ, आणि गाठीवर बोटं असतानाच जाग. अंगारेधुपारे झाले, पोथी बघून झाली. पोथीत लक्ष्मी निघाली! काकूनं त्या भल्या माणसाकडं नुसतं बघितलं.

असल्या सपनाला अर्थ विचारूच नये, असं माझं मत आहे. आणि ते माझं एकट्याचं नाही. चरकानं सपनाचे सात प्रकार केलेत. पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, मनात मागितलेलं आणि कल्पनेनं रचलेलं, या पहिल्या पाचांना तो फळच मानत नाही. उरलेल्या दोनांतलं एक पुढचं सांगणारं आणि एक शरीरातल्या दोषानं पडणारं. काकूचं सपन भोगलेलं होतं. ओळखायची खूण अशी, की घडलं तसंच्या तसं दिसतं, दरवेळी तिथंच तुटतं, आणि माणूस घामानं भिजून उठतो. ती जखम आहे, निरोप नाही. जखमेला कुणी शकुन विचारत नाही. महिनोन्‌महिने तसंच चाललं तर माणसाला डॉक्टरकडे न्यावं. आमच्याकडे तेव्हा कुणी नेलं नाही.

पण ज्येष्ठात एक बदल झाला. काकूला आग दिसायची बंद झाली आणि पाणी दिसायला लागलं. नदीला पूर आलाय, पाणी कमरेला लागतंय, पाय सुटतोय. आई म्हणाली, "चला, आग गेली एकदाची." आग गेली होती, भीती तीच होती. पुष्कळ वर्षांनी मी अर्नेस्ट हार्टमन या बॉस्टनच्या मानसोपचारतज्ज्ञाचं लिखाण वाचलं, त्यात नेमकं हेच सापडलं. आगीसारख्या संकटातून वाचलेल्या माणसाला आधी आगीची सपनं पडतात, आणि पुढं समुद्राच्या प्रचंड लाटेनं वाहून नेल्याची पडायला लागतात. तो माणूस त्या समुद्रात कधी सापडलेला नसतो. हार्टमनचं म्हणणं असं, की मनातली मुख्य भावना आपल्याला शोभेल असं चित्र शोधते. भावना धनी, चित्र गडी. गडी बदलला तरी धनी तोच असू शकतो. अमेरिकेतल्या माणसाला लाट मिळते, आमच्या काकूला नदीचा पूर मिळाला. आणि हार्टमनच्या मते असा बदल हे बरं व्हायला लागल्याचं लक्षण, कारण मन त्या एका जागी अडकून न राहता बाकीच्या आठवणींशी जोडून घेत असतं. काकूचं तसंच झालं. भाद्रपदापर्यंत पूरही ओसरला.

दुसरं सपन आठ-नऊ वर्षांनी पडलं. तेव्हा आजी अंथरुणाला खिळून सहावं वर्ष चालू होतं. तिचं सगळं काकू करायची. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, रात्रीचं दोनदा उठणं. एका सकाळी काकू चुलीपाशी बसली ती बोलेचना. आईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "सपनात आपलं घर जळताना बघितलं."

"वाईट वाटलं व्हय, अक्का?"

"न्हाई गं. बरं वाटलं." आणि रडायला लागली.

पोथीवाल्यांनी पुन्हा लक्ष्मीच काढली. पण काकूला लक्ष्मीशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न निराळा होता, आणि मला तो सगळ्या पोथ्यांपेक्षा मोठा वाटतो. सासू आतल्या खोलीत असताना घर पेटलेलं बघून ज्या बाईला आनंद होतो, ती बाई कसली? दिवसा केलेली सेवा मग खोटी का? "माझ्या पोटात हेच असंल तर म्या काय करू," असं ती म्हणत होती.

झोपेतल्या पापाची ही काळजी फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दुःस्वप्न घालवायचं एक सूक्त आहे. त्यात जागेपणी आणि झोपेत घडलेलं वाईट कर्म दूर ने, असं मागणं आहे, आणि ते मागणं आहे अग्नीकडं. म्हणजे माणसाला झोपेतल्याचीही लाज वाटत होती, आणि ती लाज धुवायला त्यानं विस्तवच निवडला.

आईला सूक्त ठाऊक नव्हतं. तिनं प्रश्न विचारले, एकेक करून, घाई न करता. त्यातली तिची एक हुशारी सांगण्यासारखी आहे. जागं झाल्यावर वाटलेलं ती बाजूला ठेवायला लावायची. माणूस उठतो, सपन आठवतो, त्याचा विचार करतो आणि त्या विचाराचं वाईट वाटणं सपनालाच चिकटवून टाकतो. चार जणांना सांगून झालं, की दोन्ही वेगळं करता येत नाही. म्हणून तिनं काकूला सपनाच्या आतच उभं केलं.

"आग कुणी लावली, अक्का?"

"कुणी न्हाई. लागलीच व्हती."

"जाळ केवढा?"

काकू थांबली. "जाळ न्हवताच जास्ती. धुमसत व्हतं. हळूहळू सरकत व्हतं."

"आणि आत्याबाई?"

"त्या भाईर. करंजाची डहाळी घिऊन कडंला उभ्या. मागं उभ्या ऱ्हायच्या तशा."

आई म्हणाली, "अहो, हा राब हाय."

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तो आधी भाजतात. खाली शेणाचा थर, त्यावर उन्हाळ्याआधी तोडून वाळवलेली ऐन-किंजळीची कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. माती अशासाठी, की जाळ भडकू नये. वारा पडलेला बघून, वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे विस्तव रांगत जातो आणि जमीन खोलवर तापते. तणाचं बी मरतं, राख रोपाला मिळते. एकजण डहाळी घेऊन कडेला उभा असतो, बांधावर सरकलेली ठिणगी झोडपायला. आमच्या घरी ते काम पाय चालत होते तोवर आजीचं. त्या कामाला कुणी रडत नाही. उलट राब भाजून झाला, की पावसाआधीचं एक मोठं काम हातावेगळं झाल्याचं बरं वाटतं.

तर काकूचं "बरं वाटणं" ते होतं. निदान आईच्या मते. काकूनं सहजासहजी मानलं नाही. म्हणाली, "तू आपली माझ्या समाधानाला बोलतीस." आणि तिच्या शंकेत तथ्य होतंच. राब झाला तरी जळत होतं ते घरच. काहीतरी संपावं असं तिला वाटत होतं, ते नाकारून चालणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की सहा वर्षं रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला हे ओझं संपावं असं वाटणं आणि सासू मरावी असं वाटणं, या दोन गोष्टी एक नाहीत. सपनात हे दोन्ही एकाच जाळात दिसू शकतं. मग फरक कशावरून करायचा? काकूच्या सपनात म्हातारी आत अडकलेली नव्हती, ती बाहेर होती, धडधाकट होती, आणि कामात होती. काकूच्या मनात द्वेष असता तर तिनं म्हातारीला एवढ्या मानानं उभं केलं नसतं. आणि समजा, आत अडकलेली दिसली असती, तरी मी काकूला पापी म्हटलं नसतं. फक्त तिची दमणूक आणखी खोल गेली आहे, असं समजलो असतो.

आईनं अर्थ सांगून हात झटकले नाहीत. त्याच रात्रीपासून आतल्या खोलीत तिनं आपलं अंथरूण टाकलं. एक दिवसाआड पाळी. वडील आणि काका यांनी आधी कुरकुर केली, कारण आई दमली की सकाळच्या भाकरीला उशीर व्हायचा. मग काकांनी पहाटेची धार स्वतः काढायला घेतली. आजी त्यानंतर दोन वर्षं जगली. काकूला ते सपन परत पडल्याचं मी ऐकलं नाही.

तिसऱ्या सपनाचं फार काही नाही. काकू स्वतः म्हातारी झाल्यावर एका पौषात मी गावी गेलो होतो. सकाळी म्हणाली, "रातच्याला सपनात शेकोटी व्हती. पायापाशीच. लई ग्वाड वाटलं." मी आपला आईच्या पद्धतीनं सुरू झालो. कोण होतं, जाळ केवढा, आधी काय झालं?

काकू हसली. "आरं, कसलं काय. घोंगडी सरकली व्हती, आन मांजर येऊन पायावर निजलं व्हतं."