काय ऐकू आलं, ते लिहून घ्या

सर्जापूर रोडवर इब्लूर जंक्शनपासून दोम्मसंद्राच्या दिशेनं निघालं की दर थोड्या अंतरावर एखादा काउंटर लागतो. रक्ततपासणी केंद्र, दातांचा दवाखाना, बँकेची शाखा, शाळेचं प्रवेश कार्यालय. काउंटरमागची व्यक्ती दिवसभर कन्नड आणि इंग्रजी अशा दोन भाषांत बोलत असते. समोर येणारा माणूस कोडतीचा जुना रहिवासी असतो, दोड्डकन्नेल्लीच्या विप्रोत काम करणारा बंगाली इंजिनिअर असतो, नाहीतर रायचूर-यादगीरकडून येऊन इथल्या अपार्टमेंटांमध्ये घरकाम करणारी बाई असते. आनेकल तालुका लागूनच असल्यामुळे घरी तेलुगू किंवा तमिळ बोलणारे आणि बाहेर कन्नड बोलणारेही पुष्कळ. अशा ठिकाणी बसवायच्या माणसाचं बोलणं तपासायचं कसं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण निपाणी, खानापूर, बेळगावकडची आपली बरीच मुलं याच नोकऱ्यांसाठी बंगळूरला येतात आणि याच पायरीवर परत पाठवली जातात.

नकार देताना एक ठरलेला शेरा असतो : ‘एमटीआय जास्त आहे.’ मातृभाषेचा प्रभाव, म्हणजे बोलण्यात गाव ऐकू येतं. हा शेरा कॉल सेंटरांच्या भरतीतून आला. तिथं फोनच्या पलीकडे अमेरिकन ग्राहक होता आणि त्याच्या कानाला सवयीचा वाटेल असा आवाज घडवायचा होता. सर्जापूर रोडवरच्या काउंटरसमोर तो ग्राहक नाही, शेरा मात्र तसाच वापरला जातो. मुलाखत घेणाऱ्याला विचारा, ‘या मुलीचं कोणतं वाक्य तुम्हाला कळलं नाही?’ बहुतेक वेळा तो एकही वाक्य सांगू शकत नाही. त्याला सगळं कळलेलं असतं, फक्त ते वेगळं वाटलेलं असतं.

कळणं आणि वेगळं वाटणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवून दिलं. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांचं बोलणं त्यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ऐकवलं, जे ऐकू आलं ते लिहून घ्यायला सांगितलं आणि हेल किती जड वाटतो, समजायला किती कष्ट पडले, यांनाही वेगळे गुण द्यायला लावले. ज्यांचा हेल फार जड ठरवला गेला, त्यांच्यातल्याही पुष्कळ जणांचे शब्द ऐकणाऱ्यांनी अचूक लिहून काढले होते. त्याआधी 1992 मध्ये डोनाल्ड रुबिन यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातलं व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना व्याख्यान कमी समजलं. म्हणजे कानाच्या आधी डोळे निकाल देऊन मोकळे झालेले असतात.

या दोन अभ्यासांतून चाचणीची रीत जवळपास आपोआप निघते. परीक्षकाला ‘कसं वाटलं?’ असं विचारायचंच नाही. त्याच्या हातात पेन द्यायचं आणि काय ऐकू आलं ते लिहायला सांगायचं.

एका रक्ततपासणी केंद्राच्या काउंटरसाठी आम्ही हे करून पाहिलं. आधी तिथंच बसून दिवसभरात नेमकं काय बोललं जातं याची नोंद केली. निघाल्या त्या मोजक्याच गोष्टी : उपाशीपोटी किती तास राहायचं, पाणी चालतं का, कितीला यायचं, कुठल्या मजल्यावर, पैसे किती, रिपोर्ट कधी, आणि फोनवर नाव व नंबर बरोबर उतरवून घेणं. शिवाय रिपोर्ट उशिरा आल्यामुळे चिडलेला माणूस. मग एक कार्ड तयार केलं. उमेदवारानं फोनवरच्या ग्राहकाला दहा गोष्टी सांगायच्या किंवा त्याच्याकडून घ्यायच्या. एकदा कन्नडमध्ये आणि एकदा वेगळ्या कार्डावरून इंग्रजीत, दर वेळी चार-पाच मिनिटं. ग्राहक झालेला माणूस सगळ्यांशी तीच वाक्यं बोलतो आणि मध्ये एकदा ठरवून म्हणतो, ‘कळलं नाही, परत सांगा.’ माहितीचा कागद उमेदवाराला आधी वाचायला मिळतो, म्हणजे तपासण्यांचं ज्ञान नसल्याचा फटका भाषेच्या गुणांना बसत नाही.

बोलणं फक्त ध्वनिमुद्रित होतं. नाव आणि चेहरा काढून टाकलेलं ते मुद्रण दोन श्रोते एकमेकांशी न बोलता ऐकतात आणि कोऱ्या तक्त्यात भरतात : वेळ, तास, मजला, रक्कम, नंबर. दहापैकी किती बरोबर उतरलं, हे पहिले गुण. ऐकताना किती कष्ट पडले, याचे एक ते पाच असे दुसरे. ‘परत सांगा’ म्हटल्यावर काय केलं, याचे तिसरे. हेलाचा रकानाच नाही. दोघांचं फारच जुळलं नाही तर तिसरा श्रोता ऐकतो.

निपाणीकडची एक मुलगी या चाचणीला बसली होती. घरी मराठी, शाळेत कन्नड शिकलेली, बी.कॉम. आधीच्या समोरासमोरच्या मुलाखतीत तिला तोच ‘एमटीआय’चा शेरा मिळाला होता. कार्डावर तिच्या कन्नडमधल्या दहाही गोष्टी दोन्ही श्रोत्यांनी बरोबर लिहिल्या. इंग्रजीत नऊ. तिचा ‘व’ सगळीकडे एकच होता, इंग्रजी शब्दांवरचा आघात मराठी वळणाचा होता, पण त्यानं कुणाचंच काही अडलं नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘परत सांगा’ म्हटल्यावर तिनं तेच वाक्य, त्याच शब्दांत, फक्त मोठ्यानं म्हटलं. दोनदा. हा खरा दोष होता आणि मुलाखतीत तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता. बंगळूरच्याच एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेतला मुलगा तिच्यानंतर बोलला. इंग्रजी घरंगळत येणारं, ऐकायला गोड. पण तो ‘फिफ्टीन’चा शेवट गिळत होता आणि एका श्रोत्यानं पंधराच्या जागी पन्नास लिहिले. इंग्रजीत त्याचे सात बरोबर आले. मुलीला घेतलं, आणि वाक्य मोडून, दुसऱ्या शब्दांत सांगण्याचा सराव पहिल्या पंधरवड्यात करून घ्यायचा, अशी नोंद तिच्या कागदावर केली.

उच्चारांना महत्त्वच नाही, असं मी म्हणत नाही. जिथं उच्चार बदलला की ग्राहकाचं नुकसान होतं, तिथं तो कसून तपासला पाहिजे. कन्नडमध्ये नऊ म्हणजे ‘ओंबत्तु’, एकोणीस म्हणजे ‘हत्तोंबत्तु’, नव्वद म्हणजे ‘तोंबत्तु’. घाईत पहिलं अक्षर गेलं की रक्कमच बदलते. ‘एप्पत्तु’ सत्तर आणि ‘एंबत्तु’ ऐंशी, तेही तसंच. म्हणून कार्डावर असे आकडे मुद्दाम घालायचे. उलट कन्नडमधला ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ यांतला फरक मराठी जिभेला पटकन साधत नाही, पण काउंटरवरच्या वाक्यात संदर्भ इतका पक्का असतो की त्यानं सहसा घोटाळा होत नाही. इंग्रजी शब्द मिसळण्याचंही तसंच. ग्राहक स्वतः ‘टोकन’, ‘रिपोर्ट’, ‘फास्टिंग’ म्हणत असेल, तर उमेदवारानं शुद्ध कन्नड प्रतिशब्द वापरले नाहीत म्हणून गुण कापायचे कशाला?

इंग्रजीच्या हेलाबद्दल निदान चर्चा तरी होते. कन्नडच्या बाबतीत कोणती कन्नड प्रमाण धरायची, हे कुणी उघड बोलत नाही आणि म्हैसूर-बंगळूरची कन्नड गुपचूप मोजपट्टी होऊन बसते. धारवाड-बेळगावकडचा माणूस ‘बन्नी’ऐवजी ‘बर्री’ म्हणतो. त्यातला ‘री’ आदराचा आहे, पण दक्षिणेकडच्या परीक्षकाच्या कानाला तो रांगडा लागतो आणि वागणुकीचे गुण कमी होतात. रायचूरहून आलेल्या बाईला मात्र तीच कन्नड घरची वाटेल. म्हणून दोन कन्नड श्रोत्यांपैकी एक तरी उत्तर कर्नाटकातला हवा, आणि इंग्रजी ऐकणाऱ्यांत एक तरी असा हवा, जो कन्नड किंवा मराठी भाषकांचं इंग्रजी रोज ऐकत नाही. नाहीतर सवयीचा कान चुकाही माफ करून टाकतो.

प्रमाणपत्रावर विसंबणं हा आणखी एक चकवा. स्टेट बँकेच्या कनिष्ठ सहयोगी पदासाठी स्थानिक भाषेची चाचणी असते, पण दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा असेल तर सूट मिळते. हजारोंच्या भरतीत ही सोय समजू शकते. मात्र शाळेत परीक्षेपुरती कन्नड केलेला मुलगा या सुटीत बसतो, आणि जत किंवा अक्कलकोटमध्ये घरी कन्नड बोलत वाढून मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला चाचणी द्यावी लागते. चाचणी द्यायला हरकत नाही, पण ती बोलण्याचीच हवी. या मुलाला कन्नड लिपी सफाईनं वाचता येत नसेल, तर माहितीचा कागद त्याला देवनागरीत किंवा इंग्रजीत द्यावा. काउंटरवर कन्नड वाचण्याचं काम असेल, तर वाचनाची चाचणी वेगळी घ्यावी आणि तसं आधी सांगावं.

मे 2025 मध्ये आनेकल तालुक्यातल्या सूर्यनगर इथल्या बँक शाखेत व्यवस्थापकानं कन्नड बोलायला नकार दिल्याची चित्रफीत पसरली, मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी निषेध केला आणि बदली झाली. त्या प्रकरणानंतर भाषेच्या अटी कडक करा, अशी मागणी अनेकांनी केली. ती मला मान्य आहे, कारण ग्राहकाला त्याच्या भाषेत उत्तर मिळणं हा त्याचा हक्क आहे. पण नकार देणं आणि न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नकार हा वर्तनाचा प्रश्न आहे, तो उच्चारांच्या चाचणीतून पकडता येत नाही. आणि मोडकी का होईना, पण कन्नड बोलू पाहणाऱ्या माणसाला हेलावरून बाहेर काढलं, तर उरलेल्यांना प्रयत्न न करणंच परवडतं.

किमान गुण कुठं ठरवायचे, यावर बराच वाद होतो. सर्वांत चांगल्या उमेदवाराकडे बघून ते ठरवू नयेत. आज काउंटरवर ज्यांचं काम चोख चालतं, अशा तीन-चार जणांनाच आधी त्या कार्डावर बसवावं. त्यांना दहापैकी आठ मिळत असतील, तर नव्या माणसाकडून दहाची अपेक्षा करण्याला आधार नाही. दोन भाषांचे गुण एकत्र करून सरासरीही काढू नये. इंग्रजीतले दहा कन्नडमधल्या चारांना झाकतात, आणि तो झाकलेला भाग नेमका घरकाम करणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. ती वेळ खाते, आणि लहान दुकानाला दोन-तीन श्रोते जमवणं जड जातं. तिथं एकाच श्रोत्यानं पेन घेऊन बसणंही चालेल, फक्त उमेदवाराकडे पाठ करून. ग्राहकाच्या मनातल्या पूर्वग्रहावर मात्र हिच्याकडे उपाय नाही. एखादा माणूस निपाणीचा सूर ऐकताच ‘दुसऱ्या कुणाला तरी द्या’ म्हणेल. तो म्हणाला तर त्याची नोंद ठेवावी, आणि महिनाअखेरीस बघावं की ज्या ग्राहकांनी तक्रार केली, त्यांच्या नोंदीत वेळ, रक्कम, नंबर यांपैकी खरोखर काय चुकलं होतं. काही चुकलं असेल तर त्या मुलीला शिकवावं. काहीच चुकलं नसेल, तर ती तक्रार तिच्या कामगिरीच्या कागदावर चढवू नये.