उलटलेला भाव

सुरतेच्या रिंग रोडवर साडीचा भाव आधी गादीवर बसून बोलला जातो. मग तो कुणीतरी टाइप करतो आणि भाववाढ-घसरणीशी काही देणेघेणे नसलेली एक चूक तिथे शिरते. टाइप करणारा पुष्कळदा लिंबायत किंवा डिंडोलीत राहणारा, घरी अहिराणी बोलणारा खान्देशी पोरगा असतो. त्याच्या मेल जळगाव, धुळे, मालेगावच्या दुकानांत जातात, आणि अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आखाजीच्या, आधीचे महिने त्याला श्वास घ्यायला फुरसत देत नाहीत. अशा दिवसांत बारा ओळींच्या भावयादीत एका ओळीला 685 ऐवजी 658 पडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. नवल आहे ते ही चूक सुधारून कळवताना माणसे जो गोंधळ घालतात त्याचे.

एक उदाहरण घेऊ. सकाळी अकरा वाजता यादी जळगावच्या एका दुकानदाराला गेली. दुपारी चार वाजता बिलांची जुळणी करताना त्या पोराला 27 रुपयांचा फरक दिसला. जुने मुनीम अशा वेळी फरकाला नऊने भागून पाहतात. पूर्ण भाग गेला, तर शेजारचे दोन आकडे उलटले असण्याची दाट शक्यता असते. 27 ला नऊने भाग जातो. खात्री मात्र मागच्या महिन्याच्या बिलानेच होते, आणि त्यात भाव 685 होता. सहा साड्यांचा सेट, ऑर्डर चाळीस सेटची धरली, म्हणजे 240 साड्या. फरक 6,480 रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटीचे 324 धरून 6,804. रक्कम धंदा बुडवणारी नाही, पण संबंध बिघडवायला पुरेशी आहे. म्हणून ती आधी मांडून पाहावी. किती रुपयांची चूक आहे हे माहीत नसताना लिहिलेल्या पत्रातच घबराट उतरते.

पाठवलेली मेल परत खेचण्याचा मोह इथे होतो. जीमेलमध्ये ती सोय जास्तीत जास्त तीस सेकंदांची. आउटलुकचे परत बोलावणे आपल्याच कंपनीच्या आत चालते. बाहेरच्या माणसाकडे फार तर ‘अमुक मेल परत मागवली जात आहे’ अशी सूचना जाते, आणि मग तो ती मूळ मेल मन लावून वाचतो. चार वाजता हा मार्ग उरलेलाच नसतो.

मग येते ती प्रसिद्ध मेल: ‘अर्जंट! आधीची मेल रद्द समजावी, नवीन यादी जोडली आहे.’ जळगावच्या दुकानदाराच्या जागी बसून ती वाचा. त्याला पहिली शंका येते की सीझन बघून यांनी भाव चढवला आणि आता चुकीचे नाव पुढे करताहेत. दुसरी शंका गेल्या काही वर्षांतली आहे: ही मेल खरंच त्यांचीच आहे ना? व्यापाऱ्यांच्या मेलखात्यात घुसून ‘सुधारित बिल, पैसे या नव्या खात्यात भरा’ असे पाठवणारे चोर नेमकी हीच भाषा वापरतात. घाई, आधीचे रद्द, सोबत नवी फाइल. माझ्या मते सुधारणेच्या मेलचे खरे काम नवा आकडा कळवणे एवढेच नाही. या दोन शंकांना उठायला जागाच ठेवायची नाही, हे ते काम आहे. आकडा तर एका ओळीत मावतो.

म्हणून मेलच्या आधी फोन. फोन त्याच नंबरवरून, ज्यावर एरवी बोलणे होते. ‘आप्पा, सकाळच्या यादीत चार नंबरच्या डिझाइनचा भाव उलटा पडलाय. सहाशे अठ्ठावन्न नाही, सहाशे पंच्याऐंशी. आत्ता मेल टाकतो, तेवढी बघून घ्या.’ एवढेच. मधे एजंट असेल, तर त्यालाही त्याच वेळी सांगावे. आप्पांनी त्याला विचारले आणि तो ‘मला तर काही ठाऊक नाही’ म्हणाला, की शंका पक्की झालीच म्हणून समजा.

मेल नवी उघडू नये. सकाळच्याच मेलला ‘सर्वांना उत्तर’ द्यावे. जीमेलमध्ये विषयाची ओळ बदलली की संवाद तुटून वेगळा दिसू लागतो, म्हणून विषय तसाच ठेवावा आणि सुधारणा पहिल्याच ओळीत आणावी. इनबॉक्समध्ये विषयाशेजारी तीच ओळ डोकावते. मजकूर साधारण असा:

‘नमस्कार आप्पा. आज सकाळच्या यादीत डिझाइन क्रमांक 4 चा भाव 658 रुपये पडला आहे, तो 685 रुपये असा वाचावा. टाइप करताना आकडे उलटले. ही भाववाढ नाही, मागच्या महिन्याच्या बिलात हाच भाव आहे. बाकी अकरा डिझाइनचे भाव, वटाव, पेमेंटचे दिवस आणि बँक खाते यांत काहीही बदल नाही. ऑर्डर लिहिताना चार नंबरसाठी 685 धरावे. तसदीबद्दल क्षमस्व.’

चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा शेजारी लिहिले आहेत, हे महत्त्वाचे. नुसता बरोबर आकडा दिला तर वाचणाऱ्याला जुनी यादी काढून बारा ओळी पडताळाव्या लागतात, आणि तो पडताळताना इतर ओळींवरही संशय घेतो. चुकीचे कारण चार शब्दांत दिले ते सहानुभूतीसाठी नाही. आकडे उलटले हे कारण ऐकल्यावर भाववाढीची शंका उरत नाही, आणि मागचे बिल त्याच्याही कपाटात असते, त्यामुळे त्याला आपल्या शब्दावर विसंबावेही लागत नाही. ‘नवीन मुलगा आहे, सर्व्हर स्लो होता, सीझनचा लोड आहे’ ही कारणे मात्र देऊ नयेत. त्यांतून गिऱ्हाईक एवढेच शिकते की इथे अशा चुका आणखी होणार. माफी एकदाच, शेवटी. तीनदा मागितली की 27 रुपयांची गोष्ट 27 हजारांची वाटू लागते.

यादी पीडीएफमध्ये गेली असेल तर काम थोडे वाढते, कारण ती फाइल एव्हाना व्हॉट्सअ‍ॅपवरून आप्पांच्या मुलाकडे, तिथून चाळीसगावच्या पाहुण्याच्या दुकानात गेलेली असते. त्याच नावाने दुरुस्त फाइल पाठवली तर कुणाच्या फोनमध्ये कोणती आहे हे कधीच कळत नाही. फाइलच्या नावात आणि पहिल्या पानावर ‘सुधारित’ हा शब्द आणि तारीख हवी, बदललेल्या ओळीवर खूण हवी. सकाळची यादी ज्यांना ज्यांना गेली त्या सगळ्यांना ही गेली पाहिजे, चार नंबर घेणार नाहीत त्यांनाही. आज घेणार नाहीत, पण आखाजीच्या तोंडावर जुनी फाइल उघडून घेतील.

हे सगळे आप्पांचे उत्तर आलेले नाही असे धरून. पण तीन वाजता त्यांनी ‘ठीक, चाळीस सेट पाठवा’ असे लिहिले असते, तर चारच्या मेलचा सूरच बदलला असता. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या पाचव्या कलमानुसार देकार मागे घेता येतो, पण त्याच्या स्वीकृतीचे कळवणे पूर्ण होण्याआधी. आणि देकार देणाऱ्यापुरते ते कळवणे पूर्ण होते ते स्वीकारणाऱ्याच्या हातून उत्तर सुटताच. शिवाय बाविसावे कलम सांगते की एकाच पक्षाच्या वस्तुस्थितीच्या गैरसमजाने करार रद्द करण्याजोगा ठरत नाही. म्हणजे यादी हा देकार धरला, तर तीननंतर ‘685 असे वाचावे’ हे लिहिण्याचा अधिकारच गेला. आता विचारावे लागते: ‘हा माल 658 नेच पाठवू, पण पुढच्या ऑर्डरपासून 685 धरावे, चालेल का?’ 6,804 रुपयांसाठी मी तरी याहून जास्त ताणणार नाही. पन्नास हजारांचा फरक असता तर अर्धा-अर्धा करण्याचे बोलणे काढले असते, पण ते फोनवर, आणि मेलमध्ये फक्त ठरलेले.

अपवाद एक आहे: चूक इतकी ढळढळीत असावी की ती घेणाऱ्याच्या लक्षात आलीच असणार. लंडनच्या न्यायालयात 1939 मध्ये हार्टॉग विरुद्ध कॉलिन अँड शील्ड्स हा खटला चालला. अर्जेंटिनातल्या सशांची तीस हजार कातडी विकायची होती. आधीची सगळी बोलणी नगाच्या भावाने झालेली, धंद्याची रीतही तीच, पण लेखी देकारात भाव पडला तो पौंडाच्या वजनाला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत, म्हणजे भाव तिसऱ्या हिश्शावर आला. घेणाऱ्याने हो म्हटले आणि माल मिळेना तेव्हा दावा ठोकला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. ही चूक त्याला कळली नसेल हे शक्यच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सुरतेत साडी नगावर, कोरे कापड मीटरवर आणि सूत किलोवर विकले जाते, तेव्हा एककाची अशी गफलत इथल्या यादीतही सहज होईल. तो खटला इंग्लंडचा आहे, आपल्याकडच्या निकालाची हमी त्यातून मिळत नाही. शिवाय 658 आणि 685 मधला फरक तर कुणाच्या डोळ्यांत भरणारा नाहीच, तिथे हा आधार मुळात लागू पडत नाही.

आता आकडे उलटे फिरवू. खरा भाव 658, यादीत पडला 685, आणि आप्पांनी मुकाट्याने ऑर्डर दिली. या वेळी फोन करायला कुणाचा हात शिवशिवत नाही. तरीही तोच फोन, तीच मेल, तशीच दोन आकड्यांची ओळ. बिल अजून कापले नसेल तर एवढ्याने भागते. ई-इनव्हॉइस निघाले असेल तर ते चोवीस तासांच्या आत पोर्टलवर रद्द करता येते, पण माल गाडीत चढला नसेल तरच ते शहाणपणाचे. त्यानंतर क्रेडिट नोट काढायची, 6,480 रुपये आणि त्यावरचे 324 वेगळे दाखवून, मूळ बिलाच्या नंबरासह. मेलमध्ये तिचा उल्लेख ‘रक्कम परत’ असा न करता ‘पुढच्या पेमेंटमधून 6,804 वजा करावे’ असा करावा, म्हणजे आप्पांच्या मुनिमाला काय नोंदवायचे ते विचारायला परत फोन करावा लागत नाही. त्या नोटेवरचा कर कमी करून घ्यायचा तर ती, माल ज्या आर्थिक वर्षात विकला ते संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरले तर तोवर, रिटर्नमध्ये दाखवावी लागते. उशीर झाला तर 324 रुपये विकणाऱ्याच्या अंगावर पडतात.